शिक्षिकेने टीम लीडला पाठवायच्या दोन ओळी: 'शिक्षिका' आधी की काम आधी?

गणितवाली: टीम लीडला हे पाठवणार आहे: "नमस्कार सर, मी आठ वर्षं गणित शिकवते, आता डेटा अॅनालिसिसमध्ये यायचं आहे. एक्सेल, एसक्यूएल येतं. संधी मिळाल्यास मेहनत घेईन." ठीक आहे का?

ओळ_स्तंभ: नाही. "येतं" यावरून लीडला काहीच कळत नाही. शाळेतला कुठला डेटा हाताळलात, त्यात काय अडलं?

गणितवाली: तीन तुकड्या, प्रत्येकी 44 मुलं. 75 टक्क्यांखाली हजेरी असलेल्यांची यादी काढायला हजेरी आणि चाचणीचे गुण हजेरी क्रमांकावर जोडले, तर 132 ऐवजी 396 ओळी आल्या.

ओळ_स्तंभ: मग हेच लिहा ना! 7 नंबर तिन्ही तुकड्यांत आहे, म्हणून हजेरीतल्या तीन ओळी गुणांतल्या तिन्हींना चिकटल्या. एका क्रमांकामागे नऊ, असे 44 क्रमांक. तुकडी आणि क्रमांक दोन्हींवर जोडलं की सुटतं:

```sql
SELECT COUNT(*)
FROM hajeri h
JOIN gun g
  ON h.tukdi = g.tukdi
 AND h.kramank = g.kramank;
```

132 आले तर बरोबर. कमी आले तर क्रमांक मजकूर म्हणून साठवून एका तक्त्यात '007' आणि दुसऱ्यात '7' असं लिहिलंय का ते बघा. जोडल्यावर ओळी मोजणारा माणूस लीडला हवाच असतो.

निकालपत्र: एवढं तांत्रिक कशाला? परिणाम सांगा. "माझ्या विश्लेषणामुळे निकाल 12 टक्क्यांनी वाढला." आकडा दिसला की लोक थांबतात.

ओळ_स्तंभ: आकडा हवा हे खरं, पण हा नको. पेपर सोपा होता का, मुलं तीच होती का, हे पहिल्याच फेरीत विचारतील आणि उत्तर नसेल. स्वतः मोजलेलंच लिहा.

नवी_वाट: मी एचआरला पानभर पत्र पाठवलं होतं, पदवी आणि प्रमाणपत्रांसकट. तसंच करा.

ओळ_स्तंभ: ते अर्जासोबत चालतं. इथे दोन ओळी थेट लीडला जाणार आहेत. असं बघा:

"नमस्कार सर, मी गणिताची शिक्षिका, 132 मुलांची हजेरी आणि गुण एसक्यूएलमध्ये जोडून 75 टक्क्यांखाली हजेरी असलेल्यांची यादी काढते, आणि जोडताना तिप्पट झालेल्या ओळी शोधून दुरुस्त केल्या आहेत. तुमच्या टीममधल्या ज्युनिअर अॅनालिस्टच्या जागेसाठी ही क्वेरी 10 मिनिटांत दाखवू का?"

दाखवताना मुलांची नावं काढून टाका, ती बाहेर जाता कामा नयेत.

निकालपत्र: तरी "शिक्षिका" पहिल्याच ओळीत नको. मोबाइलवर सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, लीड तिथेच ठरवतो. कामाने सुरुवात करा.

ओळ_स्तंभ: मग 132 मुलं आली कुठून, हा प्रश्न उरतो. शाळेचा डेटा कसा गोळा होतो हे शिक्षिकेला आतून माहीत असतं, ते लपवू नये.

निकालपत्र: लपवू नका, दुसऱ्या ओळीत टाका.

गणितवाली: 132 मुलांऐवजी "माझ्या 132 विद्यार्थ्यांची" लिहिलं तर? वेगळं सांगायलाच नको.

निकालपत्र: हे चालेल. पण "नमस्कार सर"च्या जागी नाव घाला.