नुसत्या पाण्याने भागत नाही

"आयफॉस्फामाइड केमोच्या दिवशी भरपूर पाणी प्यायलं तर मेस्नाचं औषध कशाला?"

पाणी हवंच, पण ते ॲक्रोलिनला फक्त पातळ करतं. आयफॉस्फामाइडपासून शरीरात तयार होणारं हे ॲक्रोलिन मूत्राशयाचं अस्तर सोलून काढतं. मेस्ना लघवीतच त्याला बांधून निकामी करतं, पण स्वतःही लवकर निघून जातं. म्हणून आयफॉस्फामाइड २००० मिग्रॅ असेल तर मेस्ना साधारण ४०० मिग्रॅ सुरुवातीला, मग ४ आणि ८ तासांनी पुन्हा तेवढंच शिरेतून देतात. आमच्या नाशिकच्या डे-केअरमध्ये घोळ होतो तो शेवटच्या डोसला: कळवण-सुरगाण्याचे पेशंट एसटी चुकेल म्हणून उठायला बघतात! लघवीत पट्टी बुडवली की डोळ्यांना न दिसणारं रक्तही कळतं. किडनी आणि मेंदूला मात्र मेस्ना वाचवत नाही. पेशंट असंबद्ध बोलू लागला तर लगेच डॉक्टरांना सांगा.