मदत हवी आहे: लॉजिस्टिक समीकरणातला मोड्युलस कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, खानापूरजवळ काकांचं शेततळं आहे, त्यातल्या माशांवर बीएस्सीचा प्रोजेक्ट करालोय. समीकरण dP/dt = 0.5P(1 − P/1000), t महिन्यांत, सुरुवातीला 200 मासे. P एका बाजूला घेऊन आंशिक अपूर्णांक केले, 1000/(P(1000−P)) = 1/P + 1/(1000−P), पण इंटिग्रेट करताना दुसऱ्या पदाचा मायनस विसरलो आणि P(1000−P) = 160000e^(0.5t) आलं. डावी बाजू 250000 च्या वर कधीच जात नाही, त्यामुळं महिनाभराच्या आतच P सापडायचा बंद, तेव्हा चूक कळली. मायनस घातल्यावर P/(1000−P) = (1/4)e^(0.5t), त्यातनं P = 1000/(1 + 4e^(−0.5t)), इथवर ठीक.

आता काका म्हणतात एकदम 1200 सोडतो. मग 1000−P ऋण, ln|1000−P| मधला मोड्युलस काढताना स्थिरांक 6 घेतला तर t=0 ला 857 मासे येतात, −6 घेतला तर बरोबर 1200. म्हणजे चिन्ह सुरुवातीच्या आकड्यावरनं ठरतंय, पण ते पुढं कधीच बदलत नाही, म्हणजे P 1000 ओलांडत नाही, हे नीट सिद्ध कसं करायचं? कुणीतरी पायरीपायरीनं सांगा की, गुरुवारी सरांना दाखवायचंय.