तेरा महिन्यांची लेक, झोपवायला अडीच तास. क्रम काय ठेवावा?

टक्कडोळी:
रात्री आठला सुरुवात करते. मालिश, आंघोळ, चार-पाच पुस्तकं, गाणी, शेवटी मांडीवर दूध. पिता पिता डोळे मिटतात, खाली ठेवलं की टक्क उघडतात. परत झुलवा, परत पाजा. साडेदहा वाजतात. शिवाय रात्री तीनदा उठते ती वेगळीच, आणि पाजल्याशिवाय झोपत नाही. 'रुटीन लावा' असं सगळे सांगतात. लावलंय की! आधी काय, नंतर काय, किती वेळ, हे कुणी नीट सांगेल का?

निवांत७:
दुपारची झोप बंद करा, रात्री ओंडक्यासारखी पडेल. आंघोळ मात्र सोडू नका, कोमट पाण्याने हमखास झोप येते.

जुईची आई:
आमचा चार वर्षांचा आहे. त्याला पाणी हवं, मग शू, मग अजून एक गोष्ट. त्यावर काय करता तुम्ही?

दोन जुळी एक धाकटा:
जुईची आई, ते दुखणं वेगळं, त्याचा वेगळा धागा काढा :)
टक्कडोळी, ती दिवसा कधी झोपते आणि सकाळी कधी उठते?

टक्कडोळी:
सकाळी आठला उठते. अकरा ते बारा आणि साडेचार ते सहा झोपते.

दोन जुळी एक धाकटा:
मग क्रमाच्या आधी घड्याळच चुकतंय. या वयाची बरीच मुलं शेवटच्या झोपेनंतर चारेक तास जागी राहिल्याशिवाय रात्रीची झोपत नाहीत. सहाला उठलेली मुलगी दहाच्या आत कशी झोपेल? तुम्ही दोन तास आधीपासून तिच्याशी झुंजताय.

दुपारची झोप एकदम बंद करू नका. दोनच्या जागी एक झोप बहुतेकांना १४ ते १८ महिन्यांच्या दरम्यान पुरायला लागते. त्याआधी तोडली तर मूल अति थकतं, संध्याकाळी किरकिर करतं आणि रात्री जास्त उठतं. तोडायची नाही, अलीकडे ओढायची.

हिशेब बघा. या वयात चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते. तुमची १२ तास झोपते, म्हणजे कमी काही नाही. पण रात्री नऊला झोपवायचं तर सकाळी सातला उठवावं लागेल आणि दिवसाची झोप दोन तासांवर आणावी लागेल. साडेदहा ते साडेअकरा, आणि साडेतीन ते साडेचार. आठपर्यंतची साखरझोप तुम्हालाही सोडावी लागेल, तिथेच बहुतेकजण माघार घेतात.

आता क्रम. एकूण अर्धा तास, त्याहून जास्त नको. लांबलं की पेंग निघून जाते आणि मूल नव्याने तरतरीत होतं. पहिलं दूध, तेही दिवा चालू असताना आणि झोपायच्या खोलीबाहेर. मग दात घासणं, म्हणजे दूध दातांवर रात्रभर राहत नाही. डायपर, रात्रीचे कपडे. खोलीत मंद दिवा, दोन पुस्तकं, रोज तीच चालतील. दिवा बंद, एक अंगाई, आणि पेंगुळलेली पण जागी असतानाच खाली. शेजारी बसून थोपटा हवं तर.

दूध पुढे आणायचं कारण असं: तोंडात दूध असताना झोप लागली, तर मध्यरात्री झोप जराशी उथळ झाली की ती तेच शोधते. उथळ सगळ्यांचीच होते, आपण कूस बदलून पुन्हा झोपतो इतकंच.

पहिले तीन दिवस दूध साडेनऊला द्या आणि दहाला खाली ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत झोपायला लागली की पंधरा मिनिटं अलीकडे या, असं दर तीन दिवसांनी. अर्धा-पाऊण तास लोळत खेळत राहिली तर अजून झोप आलेली नाही, तिथेच थांबा. टेकताक्षणी झोपली, तर उशीर झालाय.

निवांत७:
आणि आंघोळ?

दोन जुळी एक धाकटा:
काही मुलं शांत होतात. माझी जुळी पाण्यात भिजल्यावर घरभर नाचायची! तसं असेल तर संध्याकाळीच उरका. ती या क्रमात नसली तरी काही अडत नाही.

टक्कडोळी:
बारा दिवसांनी लिहितेय. पहिल्या दोन रात्री बरीच रडली, मी शेजारी बसून होते. आता सव्वानऊला खाली ठेवते आणि वीस मिनिटांत झोपते. दुसरं पुस्तक मिटलं की स्वतःच दिव्याकडे बोट दाखवते. रात्री एकदाच उठते, पण तेव्हा दुधाशिवाय ऐकतच नाही. नवरा उचलायला गेला की भोकाड पसरते.

जुईची आई:
ते एक दूध राहू द्या, काय बिघडतं?

दोन जुळी एक धाकटा:
दिवसा पोटभर जेवत असेल तर भुकेसाठी बहुधा लागत नसेल. पण तुम्हाला त्रास नसेल तर घाई कशाला? मी धाकट्याचं दीड वर्षापर्यंत चालू ठेवलं होतं, बायकोचं मत मात्र वेगळं होतं.