मदत हवी आहे: विषम संख्यांच्या वर्गांची बेरीज, इंडक्शनची शेवटची पायरी जुळत नाही

अक्षरा_क
नमस्कार. स्वाध्यायाच्या पानाचा फोटो जोडलाय, त्यातला प्रश्न ४. पानाच्या घडीवर सावली पडली आहे, म्हणून खाली टाइपही करते:

1² + 3² + 5² + … + (2n−1)² = n(2n−1)(2n+1)/3

इंडक्शननेच सिद्ध करायचं आहे. n = 1 घेतलं तर दोन्ही बाजूंना 1 येतो. मग n = k साठी सूत्र खरं मानलं. शेवटचं पद (2k−1)² आहे, म्हणून त्याच्या पुढचं (2k)² मिळवलं:

k(2k−1)(2k+1)/3 + 4k² = k(4k² + 12k − 1)/3

इथे गाडी अडते. कंसातल्या राशीचे अवयव पडत नाहीत, आणि यायला हवं (k+1)(2k+1)(2k+3)/3. दोन पानं भरली, उत्तर तेच. कुठे बिनसलंय?

निळी_शाई
फोटो मोठा करून पाहिला. मला शेवटचं पद (2n+1)² दिसतंय. मग n = 1 ला डावीकडे 1² + 3² = 10 आणि उजवीकडे 1. म्हणजे प्रश्नच चुकीचा छापलाय, सोडून द्या.

त्रिज्या
प्रश्न बरोबर आहे. छपाईबद्दल शंका असेल तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, छोट्या संख्या घालून बघा. (2n−1)² धरलं तर n = 2 ला डावीकडे 1 + 9 = 10, उजवीकडे 2·3·5/3 = 10. n = 3 ला 35 आणि 3·5·7/3 = 35. एवढ्याने सिद्धता होत नाही, पण पद वाचण्यात गफलत नाही याची खात्री पटते. शेवटचं पद (2n+1)² असतं तर एकूण n+1 पदं झाली असती आणि उजवी बाजू (n+1)(2n+1)(2n+3)/3 अशी छापावी लागली असती. असं रूपही प्रश्नात दिसतं, पण मग सुरुवात n = 0 पासून करता येते. या पानावर तसं नाही.

आता अक्षरा, तुमची अडचण. तुम्ही 1 मिळवलात तो पदाच्या आतल्या संख्येत, 2k−1 मध्ये. तो k मध्ये मिळवायचा असतो. (k+1) वं पद म्हणजे 2n−1 मध्ये n च्या जागी k+1 ठेवायचं: 2(k+1) − 1 = 2k+1. तसंही आपण विषम संख्यांचे वर्ग घेतोय, 2k सम आहे, त्याला या रांगेत जागाच नाही.

हे स्वतःला पकडता येतं. तुमच्या ओळीत k = 1 घाला: 1 + 4 = 5. पहिल्या दोन पदांची बेरीज तर 10 आहे. पान भरण्याआधी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी करावी.

अक्षरा_क
अच्छा! 1 + 4 मधला 4 बघूनच कळलं. आता (2k+1)² मिळवते:

k(2k−1)(2k+1)/3 + (2k+1)²

पण हे सगळं उलगडलं की घन येतो, 4k³ + 12k² + 11k + 3, आणि त्याचे अवयव पाडताना पुन्हा अडकते.

पाटी_पुसा
अवयव कशाला पाडता? मी सरळ असं करतो. वर लिहायचं: k(2k−1)(2k+1)/3 + (2k+1)² = (k+1)(2k+1)(2k+3)/3. मग दोन्ही बाजू उलगडायच्या, सारखी पदं काटायची, खाली 0 = 0 आलं की झालं.

त्रिज्या
आकडेमोड बरोबर आहे, पण मांडणी उलटी होते. पहिल्याच ओळीत तुम्ही जे सिद्ध करायचं तेच "=" ने जोडून टाकलंत. 0 = 0 तर खोट्या विधानातूनही काढता येतं, उदाहरणार्थ दोन्ही बाजूंना शून्याने गुणून. तुमच्या पायऱ्या उलट चालवता येतात म्हणून इथे निभावतं, पण मग तसं लिहायला हवं. त्यापेक्षा डावी बाजू वेगळी उलगडा, उजवी वेगळी उलगडा, दोन्ही 4k³ + 12k² + 11k + 3 भागिले 3 येतात हे दाखवा. ते निर्दोष आहे.

अक्षरा, तुम्ही मात्र उलगडूच नका. दोन्ही पदांत (2k+1) आधीच बसलेला आहे, तो तसाच बाहेर काढा. यायला हवं त्या उत्तरातही (2k+1) आहे, म्हणजे त्याला मोडणं हे आपल्याच हाताने काम वाढवणं आहे:

= (2k+1)[k(2k−1) + 3(2k+1)]/3
= (2k+1)(2k² + 5k + 3)/3
= (2k+1)(2k+3)(k+1)/3

घनाऐवजी साधी वर्गराशी उरली, 5k चे 2k + 3k केले की अवयव पडतात. दुसऱ्या पदाला 3 ने गुणायचं मात्र विसरू नका.

निळी_शाई
मान्य, फोटोतली रेघ सावलीची होती. पण इंडक्शन लागतंच कशाला? पहिल्या 2n संख्यांच्या वर्गांच्या बेरजेतून सम संख्यांचे वर्ग वजा करा: 2n(2n+1)(4n+1)/6 − 4n(n+1)(2n+1)/6. हेच सूत्र मिळतं.

त्रिज्या
मिळतं, आणि सुंदर आहे. सूत्र आलं कुठून हे त्यातून दिसतं, इंडक्शनमधून ते दिसत नाही. पण प्रश्नात पद्धत ठरवून दिली आहे.

सम_विषम
माझाही एक प्रश्न. 7ⁿ − 1 ला 6 ने भाग जातो हे दाखवायचंय. यात पुढचं पद कुठलं मिळवायचं?

त्रिज्या
तुमच्यात बेरीजच नाही, त्यामुळे काही मिळवायचं नाही. 7^(k+1) − 1 = 7(7^k − 1) + 6 असं लिहा. कंसातल्याला 6 ने भाग जातो हे गृहीतक, उरलेला 6 आहेच.

पाटी_पुसा
एक मत मांडतो. n = 1 ची ओळ निव्वळ उपचार आहे. खरी सिद्धता k वरून k+1 वर जाण्यातच असते.

त्रिज्या
इथे मात्र अजिबात सहमत नाही. याच सूत्राच्या उजवीकडे +7 जोडा आणि k ची पायरी करून बघा. गृहीतकात +7 आहे, तो तसाच पुढे वाहत जातो आणि शेवटी (k+1)(2k+1)(2k+3)/3 + 7 बिनबोभाट मिळतं. पायरी पूर्ण बरोबर, सूत्र प्रत्येक n साठी खोटं! त्याला अडवते ती फक्त n = 1 ची ओळ: डावीकडे 1, उजवीकडे 8.

अक्षरा_क
+7 करून पाहिलं, खरंच जातं पुढे. आता वहीत असं लिहिलंय:

n = 1: डावी बाजू 1² = 1, उजवी बाजू 1·1·3/3 = 1. सूत्र खरे.
गृहीतक: सर्व k साठी 1² + 3² + … + (2k−1)² = k(2k−1)(2k+1)/3 मानू.
n = k+1: दोन्ही बाजूंत (2k+1)² मिळवून, वरच्या तीन ओळींप्रमाणे, (k+1)(2k+1)(2k+3)/3. हेच सूत्र n = k+1 साठी.
म्हणून सर्व नैसर्गिक n साठी सूत्र खरे.

त्रिज्या
एक शब्द बदला. "सर्व k साठी मानू" म्हटलं की सिद्ध करायचं तेच मानलं, पुढे काही उरलंच नाही. "k ही कोणतीही एक नैसर्गिक संख्या घेऊ, तिच्यासाठी सूत्र खरे मानू" असं लिहा. बाकी चोख.

पाटी_पुसा
एवढ्यासाठी कोणी गुण कापत नाही.

निळी_शाई
माझे कापले होते, तेही याच शब्दासाठी.

पाटी_पुसा
मग तपासणाऱ्यागणिक फरक असणार. आमच्याकडे "n = k साठी खरे मानू" एवढंच लिहिलं तरी पूर्ण गुण मिळायचे.

त्रिज्या
ते चालतंच, त्यात "सर्व" नाही.