मदत हवी आहे: मेडिकलला एकच फार्मासिस्ट, सकाळी ८ ते रात्री १० कसं सांभाळायचं?

गोळीवाली
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे, लायसन माझ्या नावावर आणि रजिस्टर्ड फार्मासिस्ट पण मीच. आत्तापर्यंत डी.फार्म. झालेला एक मुलगा होता, सकाळी तो आणि दुपारनंतर मी असं छान चाललं होतं, पण तो आता स्वतःचं दुकान टाकतोय त्यामुळे पुढच्या महिन्यापासून मी एकटीच. दुकान सातही दिवस १४ तास उघडं म्हणजे आठवड्याचे ९८ तास, मुलगी दुसरीत आहे, मला ते जमणारच नाही. सासरे वीस वर्षं काउंटरवर आहेत, त्यांना सगळी औषधं माहीत पण त्यांचं रजिस्ट्रेशन नाही. मी जेवायला किंवा मुलीला आणायला गेले आणि ते दुकानात असले तर चालतं का? सीसीटीव्ही लावून मी घरून फोनवर बघितलं तर? जे स्वतः दुकान चालवतात त्यांनी सांगा प्लीज.

बाळू_होलसेल
ताई एवढं टेन्शन कशाला, होलसेलचं लायसन घ्या की, त्याला फार्मासिस्ट लागत नाही, ग्रॅज्युएट आणि एक वर्षाचा अनुभव असला तरी चालतो. आमचं तसंच आहे.

गोळीवाली
दादा पण होलसेलवर पेशंटला विकता येत नाही ना. माझं सगळं गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन येणारं आहे.

शटर_अर्धं
माझ्या माहितीप्रमाणे कायदा फक्त चिठ्ठीवरच्या औषधांना फार्मासिस्ट मागतो. म्हणजे तुम्ही नसताना सासऱ्यांनी पॅरासिटामॉल, ओआरएस, बाम असं दिलं तर काही प्रॉब्लेम नाही. ओटीसी आहे ते.

कोल्हापूरचे_काका
३० वर्षं रिटेलमध्ये आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरच्यांचं अर्धं बरोबर आहे. नियम ६५ मध्ये शब्द असे आहेत की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या वैयक्तिक देखरेखीखाली द्यायचं. म्हणजे ताई काउंटरच्या आत उभ्या असतील आणि सासरे गोळ्या काढून देत असतील तर चालतं, दर गोळीला ताईंचाच हात लागला पाहिजे असं नाही. पण ताई घरी आणि कॅमेऱ्यातून बघतायत याला देखरेख म्हणत नाहीत, तो विषय डोक्यातून काढा. आता ओटीसीचं. आपल्याकडे ओटीसीची कायद्याने ठरवलेली यादीच नाहीये, शेड्यूल एच, एच१, एक्समध्ये नाही ते ओटीसी असं आपण धरून चालतो. आणि प्रत्यक्षात काय होतं, दुपारी तीन वाजता माणूस येतो, क्रोसिन मागतो आणि त्याबरोबर खिशातून चिठ्ठी काढतो, त्यावर सेफिक्झिम असतं, ओळखीचा असतो, सासऱ्यांना नाही म्हणवत नाही. तिथे चूक होते.

आणि हे नंतर सापडतं कसं तेही सांगतो. बिलावर वेळ छापली जाते आणि बिलावर फार्मासिस्टची सही लागते. इन्स्पेक्टर आला की पहिल्यांदा विचारतो फार्मासिस्ट कुठंय, मग संगणकातली दुपारची बिलं काढायला लावतो. एच१ चं वेगळं रजिस्टर असतं, डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं, ते तीन वर्षं ठेवायचं, त्यात दुपारी दोन ते पाचमधल्या बिलांच्या नोंदी सापडल्या आणि त्याच वेळी तुम्ही मुलीच्या शाळेत होता असं निघालं तर तुमच्याकडे उत्तर नाही. काही जण कोऱ्या बिलांवर आधीच सह्या करून ठेवतात, ते तर कधीच करू नका, त्यात लायसनबरोबर तुमचं स्वतःचं रजिस्ट्रेशनही जाऊ शकतं.

नवीन_डीफार्म
मला पण विचारायचंय, मी या वर्षी पास झालो, एक्झिट परीक्षा अजून द्यायची आहे, एका मेडिकलवाल्याने सांगितलं तुझं सर्टिफिकेट लाव आणि महिन्याला ये फक्त पैसे न्यायला. चालेल का?

कोल्हापूरचे_काका
बाळा नको. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय तू फार्मासिस्ट म्हणून धरलाच जात नाहीस, आणि झाल्यावर भाड्याने दिलंस तर त्या दुकानातल्या प्रत्येक चुकीवर तुझं नाव. २०१२ च्या सुमारास महेश झगडे एफडीए आयुक्त होते तेव्हा राज्यभर फार्मासिस्ट हजर आहे का हेच तपासत होते, संघटनेने केवढा विरोध केला होता तेव्हा.

लेस्टरकर
मी इथे यूकेत फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे रिस्पॉन्सिबल फार्मासिस्टला दिवसात एकूण दोन तासांपर्यंत बाहेर जाता येतं, संपर्कात राहायचं, त्या वेळात काही साधी औषधं विकता येतात. त्यामुळे जेवणाचा प्रश्न सुटतो. भारतात तसं काही आहे का?

कोल्हापूरचे_काका
नाही हो, आपल्याकडे अशी ठरावीक सूट नाही.

साताऱ्याची_अनु
गोळीवाली, मी चार वर्षं एकटीने चालवतेय, तास वाढवायच्या ऐवजी तास कमी कर. बिलिंग सॉफ्टवेअरमधून तासाप्रमाणे विक्रीचा रिपोर्ट काढ, सगळ्यात येतो तो. माझ्याकडे निघालं की आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची ओपीडी सकाळी दहा ते दीड आणि संध्याकाळी सहा ते नऊ, आणि जवळजवळ सगळी चिठ्ठी त्याच वेळात. सकाळी आठ ते साडेनऊ फक्त डायपर आणि बाम. म्हणून मी साडेनऊ ते दोन आणि पाच ते साडेनऊ केलं, म्हणजे रोजचे नऊ तास, सहा दिवसांचे ५४, रविवारी सकाळी फक्त तीन तास, झाले ५७. दुपारी शटर पूर्ण खाली, आणि बाहेर वेळेचा मोठा बोर्ड. पहिले काही आठवडे गिऱ्हाईक कुरकुर करतं मग वेळ पाठ होते. बीपी शुगरचे महिन्याचे पेशंट असतात त्यांना मी संपायच्या चार दिवस आधी फोन करते, ते सकाळी येऊन घेऊन जातात, त्यामुळे ते दुसरीकडे गेले नाहीत.

एकच लक्षात ठेव, डिस्ट्रिब्युटरचा पोरगा दुपारीच येतो. त्याला आमच्याकडे साडेतीनला इन्शुलिनचा बॉक्स द्यायचा असायचा, शटर बंद बघून तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवून जायचा, उन्हाळ्यात. इन्शुलिन २ ते ८ डिग्रीत हवं. आता त्याला पाचनंतरच यायला सांगितलंय, नाही ऐकलं तर माल परत.

शटर_अर्धं
माल उतरवून घेणं म्हणजे विक्री नाही, सासरे अर्धं शटर उघडून घेऊ शकतात की.

साताऱ्याची_अनु
घेऊ शकतात, पण अर्धं शटर दिसलं की लोक आत येतात. मी मागच्या दाराने घ्यायला सांगते.

कोल्हापूरचे_काका
ही योजना उत्तम आहे, त्यात एक भर घालतो. संध्याकाळसाठी माणूस शोधताना सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले औषध निर्माण अधिकारी बघा, प्रत्येक तालुक्यात एखाददुसरे असतात, दुपार संध्याकाळ चार तास त्यांना बरे वाटतात. आधी रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं आहे का आणि त्यांचं नाव दुसऱ्या कुठल्या लायसनवर नाही ना ते बघा. नोकरीत असलेला सरकारी माणूस घेऊ नका. आणि फार्मासिस्ट बदलला, आता जाणारा मुलगाही त्यात आला, की एक महिन्याच्या आत कळवायचं असतं, ती लायसनमधलीच अट आहे, बरेच जण फक्त नवीन आलेला कळवतात आणि गेलेला विसरतात.

गोळीवाली
खूप खूप आभार सगळ्यांचे. रिपोर्ट काढला, आमच्याकडे पण तसंच आहे, फक्त एका बालरोगतज्ञांची ओपीडी सकाळी नऊला सुरू होते म्हणून मी नऊ ते दीड आणि साडेपाच ते साडेनऊ धरतेय. सासऱ्यांना पटवायला वेळ लागेल, त्यांना वाटतंय की ८ चं दुकान ९ ला उघडलं म्हणजे धंदा गेला. मुलगा सोडून जातोय ते उद्याच कळवते. एक राहिलंच, दुकानाला लागून छोटी खोली आहे, रस्त्याकडून वेगळं दार, लायसनच्या नकाशात ती नाहीये. तिथे सासऱ्यांनी दुपारी सॅनिटरी पॅड, डायपर, बेबी पावडर, साबण एवढंच ठेवलं तर?

शटर_अर्धं
बिनधास्त, ती औषधं नाहीतच.

कोल्हापूरचे_काका
मला खात्री देता येणार नाही. जागा वेगळी, दार वेगळं, बिलबुक वेगळं आणि एकही गोळी तिथे नाही असं असेल तर जनरल स्टोअर्ससारखंच झालं ते. पण मधलं दार असेल तर इन्स्पेक्टर त्याच्याकडे बोट दाखवणारच. आधी लेखी विचारा, उत्तर आलं तर इथे टाका.

गोळीवाली
मधलं दार आहे. विटा लावून बंद करायचं विचारते मिस्त्रीला.