सात वर्षांचा मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो, फार लाजतो. तुमचे अनुभव सांगा

मानेवाड्याची आई: मुलगा दुसरीत आहे. रात्री सलग कोरडा असा कधी राहिलाच नाही. आम्ही रागावत नाही, तरी ओली चड्डी कूलरमागे कोंबून ठेवतो. सुट्टीत काटोलला मामाकडे जायचं म्हटलं की याचं पोट दुखतं. तुमच्याकडे काय उपयोगी पडलं?

भाच्याचा मामा: सहानंतर पाणी बंद अन् रात्री बाराला उठवून न्या. सोबत तिळाचा लाडू. आमचा भाचा असाच सुधारला.

निवृत्त सिस्टर (बालविभाग): लाडू खुशाल द्या, पण त्यानं शू थांबत नाही. बाराला उठवलं की त्या रातची गादी वाचते, एवढंच. अन् ऐन उन्हाळ्यात, नागपुरात, लेकराचं पाणी तोडायचं? काहीतरीच! सकाळी-दुपारी भरपूर पाजा, मग संध्याकाळी तहान आपोआप कमी लागते. आधी दोन गोष्टी पाहा: शाळेत शूला जातो का, अन् शी कशी होते. आतड्यात कडक शी साचली की मूत्राशयाला फुगायला जागाच उरत नाही. सुट्टीच्या दिवशी मापाच्या भांड्यात शू मोजा. वयात एक मिळवून तीसनं गुणायचं, म्हणजे सात वर्षांला एका वेळी साधारण 240 मिली मावायला हवी.

दोन लेकरांची माय: माझी मुलगी दोन वर्षं कोरडी होती. भाऊ झाल्यापासून परत सुरू झालं. मत्सरच असेल ना? पाणीही खूप पिते आजकाल.

निवृत्त सिस्टर: ताई, तुमचं वेगळं आहे. मत्सर असेलही, पण कोरडं झालेलं मूल परत ओलं करतं अन् तहानही वाढलेली, तर आजच डॉक्टरकडे नेऊन साखर तपासा. वाट पाहू नका.

मानेवाड्याची आई: मोजलं. सर्वात जास्त भरली ती 130. शी तिसऱ्या दिवशी, तीही कमोड तुंबेल अशी. बाटली शाळेतून भरलेलीच परत येते, कारण तिथल्या संडासाला कडी नाही म्हणून हा दिवसभर पाणीच पीत नाही अन् घरी आल्यावर ढसाढसा पितो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, पाण्यात विरघळवायची पावडर दिली. शी मऊ झाली तरी आपल्या मनानं बंद करायची नाही म्हणाले. आता जेवणानंतर पायाखाली पाट घेऊन कमोडवर बसतो. मॅडमनी मधल्या सुट्टीआधी एकट्याला सोडायचं कबूल केलंय. स्टार बसण्याचा मिळतो, कोरड्या रात्रीचा नाही. ते काही त्याच्या हातात नाही. गादीवर मेणकापड, चादर, परत मेणकापड, चादर. ओलं झालं की वरचा थर तोच ओढून बादलीत टाकतो. कूलरमागे आता काही सापडत नाही. अधूनमधून कोरडा उठतो.

अलार्मवाला बाबा: आम्ही चड्डीला लावायचा, ओलं होताच वाजणारा अलार्म घेतला. सुरुवातीला सगळं घर उठायचं, हा सोडून! मीच उठवून न्यायचो. दोन-तीन महिने चिकाटी लागली, पण सुटलं. मी तर आधी अलार्मच म्हणेन.

निवृत्त सिस्टर: पोट साफ झाल्यावर लावा, नाहीतर उगाच दमाल.

अलार्मवाला बाबा: आमच्याकडे पोटाचं काही नव्हतं, सिस्टर.

मानेवाड्याची आई: अन् काटोलचं? तेवढ्या चार दिवसांपुरती गोळी असते म्हणे.

निवृत्त सिस्टर: असते. पण ती घेतल्यावर रात्रभर पाणी जवळजवळ बंद ठेवावं लागतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मेणकापड सोबत न्या अन् मामीला सांगायचं का, ते त्यालाच विचारा.