शब्दचर्चा: रेव्ह मॅचिंग, ब्लिप, आणि आपली 'रेस देणं'

कॉलेजरोडकर: माझा मावसभाऊ दुबईहून आलाय, तिथे त्याच्याकडे निसान ३७० झेड आहे, गिअरजवळ एस लिहिलेलं बटण असतं म्हणे, दाबलं की खालचा गिअर टाकताना गाडी स्वतःच घूंऽ करते, पाय न लावता. तो त्या रेसला 'ब्लिप' म्हणतो आणि सिस्टिमला रेव्ह मॅचिंग. आपल्याकडे याला काय म्हणायचं? आणि ते बंद कधी करायचं?

जुना डेपोवाला: अहो, ही तर आमची 'डबल क्लच' मारताना दिलेली रेस. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच दाबा आणि खालचा गिअर टाका. आता तेच कंप्युटर करतो, सिंक्रो म्हणजे गिअरबॉक्समधल्या वेग जुळवणाऱ्या रिंगा वाचतात, गिअर खात नाही.

अंबड गॅरेज: काका, रेस तीच पण सिंक्रोचं मात्र जुळत नाही. डबल क्लचमध्ये न्यूट्रलला क्लच सुटलेला असतो म्हणून रेस गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टपर्यंत जाते. या सिस्टिममध्ये क्लच दाबलेलाच असतो, म्हणजे फक्त इंजिन फिरतं, शाफ्टला वर खेचायचं काम सिंक्रोलाच करावं लागतं. वाचतो तो क्लच, आणि झटका जातो.
उदाहरण देतो. कसारा घाट उतरतोय, चौथ्यात ६०चा स्पीड, इंजिन समजा २००० आरपीएमवर. तिसरा टाकला तर त्याच स्पीडला इंजिनाला २८०० लागतात. तुम्ही क्लच दाबला आणि रेस सोडलेली आहे, तेवढ्यात इंजिन १२००-१३०० पर्यंत पडतं. आता क्लच सोडला की मधला १५०० चा फरक चाकांनी क्लच घासत भरून काढायचा, म्हणून गाडी नाक खाली करते. सिस्टिम काय करते, क्लच स्विचवरून कळतं पाय दाबलाय, गिअरबॉक्सच्या सेन्सरवरून कळतं लिव्हर तिसऱ्याकडे चाललाय, गाडीचा स्पीड तर माहीतच, मग ईसीयू म्हणजे इंजिनाचा कंप्युटर गणित करतो आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल क्षणभर उघडून इंजिन २८००ला नेतो. पाय सोडला की काही कळतच नाही.

सिडकोवाली: म्हणजे ब्रेक दाबलेला असताना गाडी आपोआप रेस घेते?? घाटात पुढे पळाली तर?

अंबड गॅरेज: नाही ताई, क्लच दाबलेला आहे, इंजिन चाकांपासून सुटलेलं, नुसता आवाज होतो.

सॉनेट_नाशिकरोड: माझी सॉनेट आयएमटी आहे. बटण शोधून दमलो. शोरूमवाल्याला विचारू का?

कॉलेजरोडकर: नका विचारू, तुमच्या गाडीत क्लच पेडलच नाही ना! टोयोटा परदेशी करोलात ज्याला आयएमटी म्हणते तिथे पेडल असतं आणि रेव्ह मॅचिंग असतं. अक्षरं तीच, वस्तू वेगळी, गोंधळ आपला.

घाटवेडा: बंद करायचा मुद्दा राहिलाच. ज्याला हील-टो येतं, म्हणजे उजव्या पायानं ब्रेक दाबत त्याच पायाच्या कडेनं रेस, त्यानं बंद करावी, नाहीतर तुमची रेस आणि तिची रेस एकदम येते, इंजिन हवं त्यापेक्षा वर जातं आणि क्लच सोडताना उलटा ढकलल्यासारखा धक्का बसतो. शिकणाऱ्यानंही बंदच ठेवावी, नाहीतर पाय कधी शिकणार. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्येही, शेजारी खिडकीत येतात. पण पावसात इगतपुरीच्या उतारावर मी चालूच ठेवीन, ३७० झेडसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओल्या वळणावर झटका बसला तर मागचं टोक सुटू शकतं.

जुना डेपोवाला: आणि चुकून पाचव्यावरून दुसरा पडला तर सिस्टिम वाचवते का?

अंबड गॅरेज: नाही काका. ती रेस मर्यादेवर थांबवेल, पण तुम्ही क्लच सोडला की चाकंच इंजिनाला मर्यादेच्या पलीकडे फिरवतात, तिथे कंप्युटरचं काही चालत नाही. वाकलेले व्हॉल्व्ह बघायला मिळतात मग. 😅

सिडकोवाली: मग शब्द काय ठरला? 'रेस जुळवणं' म्हणू या का?

जुना डेपोवाला: रेस 'देतात' हो, जुळवत नाहीत. मी तरी 'रेस देऊन गिअर पाडणं' म्हणेन.

घाटवेडा: पण वर जातानाही काही सिस्टिम इंजिनाची रेस हळू सोडून आरपीएम खाली जुळवतात, तिथे 'पाडणं' कसं बसेल? मला 'जुळवणं'च बरं वाटतं.

सॉनेट_नाशिकरोड: आणि माझ्या गाडीत पेडल नाही तर क्लच कोण दाबतं?